आपल्याच घरात चोरी?

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या गॅलरीत रात्री दोन वाजता कुणी एकटंच फेऱ्या मारताना दिसलं, तर समजावं की याचा सिमिलॅरिटी रिपोर्ट आला आहे. मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधला एक दोस्त असाच फेऱ्या मारत होता. सिव्हिलचा पीएचडीवाला, फ्लाय ॲश घातलेल्या काँक्रीटवर काम. रिपोर्टमध्ये ३१ टक्के आले होते. तिसरं प्रकरण, म्हणजे प्रयोगाची पद्धत, जवळजवळ सगळंच लाल. आणि ते सगळं जुळलं कुणाशी, तर त्याच्याच दोन वर्षांपूर्वी छापून आलेल्या पेपरशी!

"अरे, मीच लिहिलंय, मीच वापरलंय. मग चोरी कुणाची?" असा त्याचा सवाल. प्रश्न बिनतोड वाटतो ना? मलाही तेव्हा वाटला होता. पण त्यानंतर त्या प्रकरणाचं जे काही झालं ते जवळून बघितलं आणि माझं मत बदललं. तेच इथे मांडतो आहे.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या 'दुसऱ्याचं' काम आपलं म्हणून दाखवणं अशी आहे. म्हणजे नुसत्या व्याख्येवर गेलं तर दोस्ताचं म्हणणं बरोबर. पण एप्रिल २०२० मध्ये यूजीसीने वेगळी सूचना काढली. स्वतःचं आधी छापलेलं काम, पुरेसा संदर्भ न देता, नवं आणि मूळ म्हणून पुन्हा मांडून त्याचा शैक्षणिक फायदा घेणं चालणार नाही, असं तिच्यात म्हटलं आहे. हे वाक्य सावकाश वाचा. आपलाच मजकूर पुन्हा वापरणं एवढ्यालाच यात दोष म्हटलेलं नाही. संदर्भ न देणं आणि जुनं ते नवं म्हणून खपवणं, याला दोष म्हटलं आहे. थिसिस तपासणाऱ्या परीक्षकाला यातलं आधी छापून झालेलं किती आणि आत्ताचं किती, हे कळायला हवं. मुद्दा एवढाच आहे.

आता टक्क्यांचं. त्याच नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सापडलात तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. त्यापुढे वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. हे आकडे हॉस्टेलमध्ये सगळ्यांना पाठ असतात. पण संदर्भसूची, नीट श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं ही मोजणीतून वगळायची असतात, आणि सहज जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नसतात, हे त्याच नियमात लिहिलेलं असून फारसं कुणी वाचत नाही. आणि शिक्षा ठरवायची ती समितीने, सॉफ्टवेअरने नाही. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं.

तर आमच्या दोस्ताने काय केलं? तेच, जे सगळे करतात. रात्रभर बसून शब्द बदलले. मूळ मजकूर अर्थातच इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर पेपरमध्ये असं होतं: '१५० मिमीचे क्यूब टाकले. २४ तासांनी साचे काढून ते २७±२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले. २८ दिवसांनी पाण्यातून काढून, पृष्ठभागावरचं पाणी पुसून, ओल्या अवस्थेतच तपासले.' सकाळी याचं झालं होतं: 'घनाकृती ठोकळे ओतण्यात आले. एका दिवसाने ते मुक्त करून मध्यम तापमानाच्या द्रवात जतन केले. चार आठवड्यांनी बाहेर काढून, कोरडे करून, त्यांची परीक्षा घेतली.'

टक्के उतरले, ३१ चे ९ झाले. पठ्ठ्याने मेसमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

पण नमुना बघा. 'पृष्ठभागावरचं पाणी पुसून' याचं 'कोरडे करून' झालं. काँक्रीटचं काम केलेल्या कुणालाही हे खटकेल. आयएस ५१६ मध्ये क्यूब पाण्यातून काढल्यावर ओला असतानाच तपासायला सांगितलं आहे, कारण तोच क्यूब वाळवून तपासला तर ताकद जास्त दिसते. म्हणजे एका शब्दाने प्रयोगच बदलला! उद्या कुणी हा थिसिस वाचून क्यूब वाळवून तपासेल, त्याचे आकडे वर जातील आणि तो डोकं खाजवत बसेल. '२७±२' चं 'मध्यम तापमान' झालं, म्हणजे आकडाच गेला. आणि एवढं करूनही 'हे आधी छापलं आहे' हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मूळ दोष जसाच्या तसा राहिला, वर तो लपला. माझ्या मते आधीची ३१ टक्क्यांची प्रत या ९ टक्क्यांच्या प्रतीपेक्षा जास्त प्रामाणिक होती.

नशीब की त्याच्या गाईड मॅडमनी फक्त पहिलं पान बघून सही केली नाही. त्यांनी 'कोरडे करून' याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "हे खरंच केलंस का?" हा गप्प. मग मॅडम म्हणाल्या, "पेपर बंद कर आणि लॅबची वही उघड. वहीवरून लिही."

हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. समोर पेपर ठेवून लिहिलं की आपण वाक्यांशी झटापट करतो. समोर वही ठेवली की आपण त्या दिवशी काय केलं ते लिहितो. पेपरला पानांची मर्यादा असते, म्हणून तिथे पद्धत चार ओळीत कोंबलेली असते. थिसिसला ती मर्यादा नाही. म्हणून थिसिसमधली पद्धत मुळातच वेगळी लिहिली जाते, कारण तिच्यात जास्त माहिती असते. मुद्दाम वेगळी करावी लागत नाही.

उदाहरणच घ्या. पेपरमध्ये 'मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौ. मिमी या दराने भार दिला' एवढंच होतं. पण मशीनवर तर किलोन्यूटन प्रति सेकंद असा आकडा लावावा लागतो. १५० मिमी क्यूबचा पृष्ठभाग २२,५०० चौ. मिमी. त्याला १४ ने गुणलं की मिनिटाला ३१५ किलोन्यूटन, म्हणजे सेकंदाला ५.२५. वहीत हा हिशेब होता, पेपरमध्ये नव्हता. थिसिसमध्ये तो आला. पुढच्या बॅचच्या पोरांना मशीन लावताना त्याचाच उपयोग होणार.

आणि एक गंमत झाली. गंमत कसली, घामच फुटला. वहीत सापडलं की ५० टक्के फ्लाय ॲशच्या मिश्रणाचे क्यूब २४ तासांनी साच्यातून काढताना कडा तुटत होत्या, म्हणून ते ४८ तास साच्यात ठेवले होते. फ्लाय ॲश जास्त असली की सुरुवातीची ताकद हळू येते, त्यामुळे यात नवल नाही. पण पेपरमध्ये सरसकट २४ तास छापलं होतं! शब्द बदलून लिहिलं असतं तर ही चूक थिसिसमध्येही गेली असती. आता थिसिसमध्ये '५० टक्के मिश्रणासाठी ४८ तास. आधीच्या पेपरमध्ये हा फरक नोंदवायचा राहिला होता' असं स्पष्ट वाक्य आहे. सहलेखकांनाही कळवलं, आणि जर्नलला दुरुस्ती पाठवायची का ते सगळे मिळून ठरवणार आहेत.

मग संदर्भ कसा द्यायचा? इथेही पुष्कळ जण फसतात. पाच परिच्छेद जुने आणि शेवटच्या ओळीला एक चौकटी कंसातला आकडा, याने काम होत नाही. वाचणाऱ्याला तो आकडा एका वाक्यापुरता वाटतो. त्याने शेवटी दोन ठिकाणी लिहिलं. प्रकरणाच्या सुरुवातीला: 'या प्रकरणातली ३.२ आणि ३.३ मधली पद्धत आम्ही आधी प्रसिद्ध केली आहे [7]. इथे ती वहीतल्या नोंदींवरून विस्ताराने दिली आहे.' आणि ३.४ मध्ये, जिथे त्याने एक परिच्छेद मुद्दाम तसाच ठेवला, तिथे: 'पुढील परिच्छेद [7] मधून शब्दशः घेतला आहे.' तो का ठेवला? कारण त्यात सगळी प्रमाणित नावं, मापं आणि आयएसचे संदर्भ होते. त्यातला शब्द हलवला की अर्थ हलतो. अशा ठिकाणी तसंच ठेवून तसं सांगणं हेच शहाणपण.

आणखी एक गोष्ट, जी 'मीच लिहिलंय' म्हणताना आपण विसरतो. पेपरवर चार नावं होती. त्यातली ती वाक्यं नक्की कुणाची? सहलेखकांना विचारायला हवं. छापलेल्या मजकुराचे हक्कही बहुतेक वेळा प्रकाशकाकडे गेलेले असतात. यात घाबरण्यासारखं नाही. एल्सेव्हिअर लेखकाला स्वतःचा लेख थिसिसमध्ये, व्यापारी उपयोग नसेल तर, वापरू देतं. आयईईईसुद्धा देतं, मात्र मूळ पेपरचं पूर्ण श्रेय आणि त्यांची कॉपीराइटची ओळ मागतं. पण आपल्या प्रकाशकाचं पान उघडून बघायला हवं. दहा मिनिटांचं काम आहे.

दोस्ताचा शेवटचा रिपोर्ट १४ टक्क्यांवर आला. त्यात तो जाहीर केलेला परिच्छेद होता, आयएसची नावं होती. मॅडमनी रिपोर्टच्या प्रत्येक जुळणीशेजारी ती कशाची आहे ते पेन्सिलने लिहिलं, आणि कशामुळे काय वगळायचं त्याची टीप जोडून लायब्ररीत पाठवला. वगळल्यावर आकडा मर्यादेत बसला.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडे रिपोर्टच्या पहिल्या पानावरचा आकडा बघून प्रत परत पाठवायची पद्धत पडली आहे. त्याने पोरं प्रामाणिक होत नाहीत, फक्त समानार्थी शब्द शोधायला शिकतात. सर-मॅडम, कृपा करून आतली पानं उघडा आणि जुळलेलं काय आहे ते बघा. आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एक सोपी कसोटी. पुन्हा लिहिलेली पद्धत लॅबमधल्या एका ज्युनिअरला द्या आणि विचारा, "यावरून तू माझाच प्रयोग करशील का?" तो जर क्यूब वाळवायला निघाला, तर टक्के कितीही उतरलेले असोत, परत वही उघडा.