फोटो शेतकऱ्याचा, नकार यंत्राचा

मोबाईलवरून शेतमाल विकायचा तर बऱ्याच ठिकाणी खाते उघडताना स्वतःचा फोटो द्यावा लागतो. तो फोटो आधी माणूस पाहत नाही, यंत्र पाहते. यंत्राने तो नाकारला की शेतकऱ्याला वाटते आपलेच काही चुकले, आणि ग्रामपंचायतीत विचारले तर उत्तर मिळते, "नीट फोटो काढून या, दादा." माझे म्हणणे असे की नकार कोणत्या जातीचा आहे हे पाहिल्याशिवाय हा सल्ला देऊ नये.

पहिली जात म्हणजे 'फोटो अश्लील आहे' असा शेरा. आमच्या भागातल्या एका कांदा उत्पादकाचा फोटो मुलाने विहिरीवर काढला. अंगावर धोतर, खांद्यावर टॉवेल, बाकी उघडे. आपल्या डोळ्यांना यात वावगे काय? पण यंत्राला धोतर कळत नाही. लाखो नमुना फोटोंवरून ते शिकलेले असते, आणि उघड्या कातडीचा भाग जास्त दिसला, की त्याला संशय येतो. मुलाने मग तोच फोटो छातीपासून वर कापून पाठवला. चेहरा मोठा दिसेल ही समजूत. पण त्यामुळे धोतर गेले आणि चौकटीत नुसती कातडीच उरली. तोही नाकारला. तिसऱ्यांदा पाठवल्यावर 'वारंवार नियमभंग' म्हणून खातेच बंद झाले, आणि तेही ऐन कांदा काढणीत!

हा घोळ फक्त आपल्याकडचाच आहे असे नाही. 2020 साली कॅनडातील एका बियाणे दुकानाने टोपलीतल्या कांद्यांचा फोटो जाहिरातीसाठी दिला, तर फेसबुकच्या यंत्राने तो अश्लील ठरवून अडवला. कांद्याचा गोल आकार आणि रंग यांनी घात केला. बातमी झाल्यावर कंपनीने माफी मागून जाहिरात परत लावली. जिथे कांदा सुटत नाही तिथे उघड्या अंगाचा शेतकरी कसा सुटणार?

अशा नकारावर उपाय मात्र सोपा आहे. तोच फोटो पुन्हा पाठवू नये. कॉलरचा सदरा घालावा, टोपी व टॉवेल बाजूला ठेवावा, सकाळी सावलीत साध्या भिंतीपुढे उभे राहून डोक्यापासून छातीपर्यंत फोटो काढावा. चेहरा गोरा करणारी सोय वापरू नये.

दुसरी जात वेगळी आहे. 'हा चेहरा दुसऱ्या खात्यावर आधीच आहे' असा निरोप आला तर दहा नवे फोटो काढूनही बहुधा भागत नाही. यंत्र चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि साठवलेल्या चेहऱ्यांशी ताडून पाहते. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त साम्य निघाले की दोघे एकच, असा त्याचा हिशेब. एकाच चेहऱ्याशी ताडायचे असेल तर चूक क्वचित होते. पण समजा लाखात एकदा चूक होते आणि साठा दहा लाख चेहऱ्यांचा आहे, तर एका माणसाला सरासरी दहा परके 'जुळे' सापडतील. त्यात सख्खे भाऊ असले तर विचारायलाच नको. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने 2019 मध्ये अशा अनेक यंत्रणा तपासल्या. परक्याला तोच समजण्याची चूक आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांत गोऱ्यांपेक्षा कित्येक यंत्रणांत दहा ते शंभर पट आढळली. शिकवताना कोणाचे चेहरे जास्त दाखवले, यावर हे बरेच अवलंबून असते. मग अशा वेळी शेतकऱ्याला 'नीट फोटो काढा' सांगणे म्हणजे त्याला उगाच हेलपाटे घालायला लावणे.

इथे कागदच कामाला येतो. नकाराच्या निरोपाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे की फोटो माणसाने तपासावा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार समाजमाध्यमे व ऑनलाईन बाजारासारख्या मध्यस्थ कंपन्यांनी या अधिकाऱ्याचे नाव जाहीर करायचे असते आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. उत्तर पटले नाही तर gac.gov.in वर 30 दिवसांत अपील करता येते. ही सोय 2023 पासून आहे. इंग्रजीत लिहिता येत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी चार ओळी लिहून द्याव्यात, त्यात कमीपणा नाही.

सरकारने पीएम किसानच्या ई-केवायसीला चेहऱ्याची सोय 2023 मध्ये दिली, पण ओटीपी आणि अंगठा हे मार्ग बंद केले नाहीत. चेहरा जुळला नाही तर माणूस अडकून पडत नाही. शेतमालाचे व्यवहार करणाऱ्या खाजगी कंपन्यांनीही फोटो नाकारताना दुसरा मार्ग त्याच निरोपात मराठीत छापावा, आणि माणसाने तपासल्याशिवाय खाते बंद करू नये. शेतकरी गट एखाद्या कंपनीशी करार करतात तेव्हा ही अट त्यात आधीच घालून घेता येते. आमच्याकडच्या गटांना मी हेच सांगतो आहे.