न बोललेला कर्ता

यवतमाळच्या कापूसबाजारात दोन शेतकरी उभे आहेत, अशी कल्पना करा. एकजण विचारतो, “येऊन राहिला का गा?” दुसरा मान हलवतो आणि दोघे चहाला निघतात. कोण येणार, कोठे येणार, यांतले काहीच प्रश्नात उच्चारलेले नाही. तरी कोणाचे अडले नाही.

अशा प्रश्नांना कित्येक जण अपुरे म्हणतात. मला ते पटत नाही. मराठीत वगळलेला कर्ता बहुधा क्रियापदाच्या शेवटी दडलेला असतो. ‘येतोस?’ म्हणताच समोरचा एकटा आहे, पुरुष आहे आणि सलगीचा आहे, हे कळते. ‘येतेस?’ म्हटले की ती मुलगी ठरते. आदराने ‘येता का?’ म्हटले, तर मात्र तोच प्रश्न काकांनाही चालतो आणि काकूंनाही.

‘पाहिलीस?’ या प्रश्नाची गंमत याहून मोठी आहे. त्यातील ‘ली’ पाहिलेल्या वस्तूची आणि ‘स’ पाहणाऱ्याचा. म्हणून जत्रेविषयी ‘पाहिलीस?’, किल्ल्याविषयी ‘पाहिलास?’ आणि चित्राविषयी ‘पाहिलेस?’ असे आपण विचारतो. पाहणारा मुलगा आहे की मुलगी, हे येथे उमटत नाही.

आता पुन्हा बाजारात येऊ. वऱ्हाडी बोलीत हा ‘स’ पुष्कळदा गळतो. नुसते ‘येऊन राहिला का?’ म्हटले, तर तो प्रश्न ‘तू’विषयी असेल किंवा ‘तो’विषयीही असेल. ती उणीव संदर्भ आणि काही अंशी ‘गा’ भरून काढतो. स्त्रीला विचारताना क्रियापद ‘राहिली’ होते आणि ‘गा’च्या जागी ‘वं’ येतो. प्रमाण मराठी जे काम क्रियापदाच्या प्रत्ययाकडे सोपवते, ते ही बोली हाकेकडे आणि संदर्भाकडे सोपवते. मुलाने वहीत ‘तू कवा आला?’ लिहिले, तर त्याला ‘तू केव्हा आलास?’ हे रूप अवश्य शिकवावे. पण त्याची बोली अर्धवट आहे, असे सांगू नये.

खरी अडचण ‘मिळाली?’ या प्रश्नाची आहे. मिळणे ‘तुला’ असते. त्यामुळे कोणाला मिळाली, हे क्रियापद सांगत नाही. ते फक्त वस्तू स्त्रीलिंगी आहे, एवढेच सांगते. समजा, वणीहून मोठ्या भावाने यवतमाळच्या धाकट्याला चिठ्ठी पाठवली : “मिळाली का?” त्याच्या मनात कापसाच्या विक्रीची पावती होती. घरात त्याच दिवशी आईच्या औषधाची बाटलीही यायची होती. धाकट्याने उत्तर लिहिले, “मिळाली.” पावती अजून व्यापाऱ्याकडेच होती! बाटलीऐवजी काढा यायचा असता, तर ‘मिळाली’ आणि ‘मिळाला’ एवढ्या भेदाने घोटाळा टळला असता. समोरासमोर बोलताना भावाने हातातील बाटली तरी पाहिली असती. चिठ्ठीत तेवढा एक शब्द लिहायला हवा होता : “पावती मिळाली का?”