विश्लेषण : ‘मंमं’, ‘भूभू’ म्हटल्यानं बाळ बोबडं राहतं का?

तान्हं बाळ असलेल्या घरात एक वाद हमखास होतो. आजी बाळाशी ‘मंमं’, ‘भूभू’, ‘चिऊ’, ‘काऊ’ करत, हेल काढून, जवळजवळ गातच बोलते. आईबाबा म्हणतात, असं बोबडं बोलू नका, त्याला तीच सवय लागेल. सोलापुरात या वादाला आणखी एक पदर असतो. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शेजारी उर्दू, आणि पुढे इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून आतापासूनच बाळाला ‘डॉग’ आणि ‘कॅट’. यात बरोबर कोण? गेल्या काही दशकांतल्या संशोधनाचा कौल बराचसा आजीच्या बाजूनं आहे. मात्र आईबाबांची शंकाही अगदीच निराधार नाही.

मराठीचा अभ्यास कधी झाला?

बाळांशी बोलण्याच्या या लाडिक बोलीचा जगात पहिल्यांदा पद्धतशीर अभ्यास झाला, त्या मोजक्या भाषांत मराठी आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा मराठीतल्या या बोलीवरचा लेख १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे आणि पुढे ‘रुजुवात’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हेच केळकर. त्याच वर्षी अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी अरबी, मराठी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांचे आणि गिल्याक अशा सहा भाषांतली बाळबोली शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असलेल्या या भाषांत घडण मात्र सारखी निघाली. प, ब, म, त यांसारखे सोपे वर्ण, एकच अक्षर दोनदा म्हणण्याची सवय, आणि ‘मी’, ‘तू’ टाळून थेट नावानं बोलणं. आपल्याकडे ‘तू दूध पिणार का?’ ऐवजी ‘बाळ दूध पिणार?’ होतं, ते याच चालीचं. फर्ग्युसन यांचा आणखी एक मुद्दा वाद मिटवायला उपयोगी आहे. हे शब्द बाळानं तयार केलेले नसतात. ते मोठ्यांच्या भाषेचाच भाग असतात, आजीकडून आईकडे आलेले. मूल ते काही काळ वापरतं आणि मोठं होताना टाकून देतं.

सूर कशासाठी?

मोठी माणसं बोलताना शब्दांच्या मध्ये थांबत नाहीत. ‘हाबघपाण्यातपायबुडवला’ असा एकच अखंड प्रवाह कानावर येतो. शब्द कुठं संपला हे आपल्याला कळतं, कारण शब्द आधीच माहीत असतात. बाळाला ते माहीत नसतात, म्हणून त्याचं पहिलं काम अर्थ लावणं नसून हा प्रवाह तोडणं हे असतं.

लाडिक बोलणं नेमकं इथं मदत करतं. आवाज चढतो, चढउतार मोठे होतात, वाक्यं आखूड होतात, दोन वाक्यांत मोकळी जागा राहते. २००५ मध्ये एरिक थिसेन, एमिली हिल आणि जेनी सॅफ्रन यांनी साधारण सात महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या बनावट शब्दांची वाक्यं ऐकवली. काहींना ती लाडिक सुरात, काहींना मोठ्यांच्या सुरात. लाडिक सुरात ऐकलेल्या बाळांना अगदी थोड्या वेळात त्यातले शब्द वेगळे ओळखता आले. दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळात ते जमलं नाही.

सूर नुसताच गोड असून मात्र भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डेनिस बर्नहॅम यांच्या गटानं २००२ मध्ये एक गमतीशीर तुलना केली. आया बाळाशी बोलताना आणि घरच्या कुत्र्या-मांजराशी बोलताना आवाज सारखाच चढवतात, पण स्वर ताणून स्पष्ट करतात ते फक्त बाळाशी. आपण शिकवतोय हे आईच्या जिभेला तिच्या नकळत ठाऊक असावं! हे सगळ्या भाषांत सारख्या प्रमाणात दिसतं असं नाही; जपानी आयांच्या ध्वनिमुद्रणात वर्ण उलट किंचित कमी स्पष्ट आढळले होते. बाळांना हा सूर आवडतो याबद्दल मात्र फारसा वाद उरलेला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६ देशांतल्या ६७ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या तपासणीत दोन हजारांहून जास्त बाळांचा कल पाहिला गेला आणि तो लाडिक बोलण्याकडेच निघाला.

मराठीत साधेपणाचं काम वेगळं

मराठीत बाळापुढे आणखी एक अडचण असते. ‘पाय’ हा शब्द वाक्यात गेला की ‘पायाला’, ‘पायात’, ‘पायावर’ होतो. ‘चमचा’चं ‘चमच्यानं’ होतं, ‘पाणी’चं ‘पाण्यात’. वस्तू एकच, पण तिचे चेहरे चार-पाच. आजीच्या बोलण्यात नाव बऱ्याचदा न बदलता येतं आणि वाक्याच्या शेवटी येतं : ‘हा बघ चमचा’, ‘कुठं गेला पाय?’ एरवी मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद बसतं. इथं ते आधी उरकून नावाला शेवटची जागा दिली जाते, आणि त्याच्यामागे लगेच शांतता असल्यानं तोच शब्द कानात राहतो.

मग ‘मंमं’ आणि ‘भूभू’चं काय? एडिंबरो विद्यापीठाच्या मित्सुहिको ओता आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या ४७ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांच्या कानावर अक्षर दोनदा येणारे आणि लाडिक शेपूट लावलेले शब्द जास्त पडत होते, त्यांचा शब्दसाठा ९ ते २१ महिन्यांच्या काळात जास्त वेगानं वाढला. अभ्यास इंग्रजीचा आहे, पण ‘भूभू’, ‘मंमं’ ही दुहेरी घडण आणि चिऊ, काऊ, माऊ, सोनू यांतला शेवटचा ‘ऊ’ त्याच जातीचा आहे.

आईबाबांची शंका खरी ठरते ती दुसऱ्या ठिकाणी. ‘माझं छोनं कुथं गेलं लं?’ असं वर्ण मोडून बोलणं आणि लाडिक बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात बाळाला चुकीचा नमुना मिळतो. त्यानं एवढ्या-तेवढ्यानं कुणी बोबडं राहत नाही, पण बाळ ‘गाली’ म्हणालं की आपणही ‘गाली’ म्हणायचं, यात त्याला ऐकायला काही नवं मिळत नाही. ‘हो, गाडी! गाडी आली’ असं म्हटलं की चूक दाखवली न जाता योग्य शब्द दोनदा कानावर पडतो.

न्हाऊ घालताना काय करायचं?

यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. सोलापुरातल्या घरांत तेल लावून बाळाला पायांवर घेऊन घालायची अंघोळ घेऊ. सहा महिन्यांचं बाळ आहे. तेलाचा हात पायावर जातो तेव्हाच ‘पाय’ म्हणायचं, आधी किंवा नंतर नाही. ‘पाऽय. कुठं गेला पाय? हा बघ पाय.’ आणि इथं थांबायचं. मनात चार-पाच आकडे मोजावेत एवढं. ही थांबण्याची जागाच बहुतेक घरांत निसटते, कारण बाळ काही बोलत नाही म्हणून मोठी माणसं पुढचं वाक्य सुरू करतात. बाळाला मात्र हलायला, बघायला, ‘आऽ’ करायला वेळ लागतो. त्यानं आवाज केला की त्याच्या डोळ्यांत बघत, त्याच सुरात उत्तर द्यायचं : ‘हो का? गरम आहे पाणी?’

दहा महिन्यांच्या बाळाशी हाच खेळ उलटा होतो. ते तांब्याकडे बघतंय तर ‘तांब्या’ म्हणायचं. आपल्याला साबण शिकवायचा असला तरी त्याची नजर साबणाकडे ओढायची नाही. सव्वा वर्षाचं मूल ‘पाणी’ म्हणालं की एकच शब्द जोडायचा : ‘गरम पाणी’. गाडी रुळावर आहे हे मुलाच्या वागण्यावरून कळतं. ते तोंडाकडे बघतं, आपण थांबलो की आवाज काढतं. मान फिरवली, चुळबुळ वाढली, तर गप्प बसायचं. न थांबता चाललेलं बोलणं बाळासाठी शेजारच्या रेडिओइतकंच उपयोगाचं.

अमेरिकेत सिएटलमध्ये नाया फेर्यान रामिरेझ आणि पॅट्रिशिया कूल यांनी सत्तरएक कुटुंबांवर हेच करून पाहिलं. काही पालकांना बाळ ६, १० आणि १४ महिन्यांचं असताना त्यांच्याच घरातली ध्वनिमुद्रणं ऐकवून असं बोलण्याचा सराव दिला. दीड वर्षाच्या वयात त्यांच्या मुलांचे शब्द सरासरी शंभरच्या आसपास होते, सराव न दिलेल्या घरांत साठच्या. शब्द पालकांनीच मोजले होते, हे लक्षात ठेवून आकडे वाचायला हवेत.

कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत बोलणाऱ्याला लाड करता येतात त्या भाषेत. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात आजी जेवणाला ‘बुव्वा’ म्हणत असेल आणि वडील ‘मंमं’, तर बाळाचा गोंधळ होत नाही. ते दोन्ही भाषा शिकतं. प्रत्येक भाषेतले शब्द वेगवेगळे मोजले तर कमी वाटू शकतात, म्हणून दोन्हींची बेरीज बघायची असते. उलट ज्यांना इंग्रजी सहज येत नाही त्यांनी ओढूनताणून ‘धिस इज अ डॉग’ म्हटलं, की सूर सपाट होतो, वाक्यं ठरावीक होतात आणि बाळाच्या हुंकाराला सुचेल ते उत्तर देता येत नाही. तेलुगूत लाड करणाऱ्या आजीला मराठीत किंवा इंग्रजीत बोलायला लावणं हे घाट्याचं काम आहे.

मोबाइलवरच्या गाण्यांनी हे काम होईल, ही आशाही फोल आहे. कूल यांच्याच २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी समोर बसलेल्या व्यक्तीकडून १२ बैठकांत चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकून घेतले. तीच व्यक्ती, तोच मजकूर पडद्यावर दाखवला तेव्हा काहीही शिकली नाहीत. पडदा बाळाच्या ‘आऽ’नंतर थांबत नाही.

न बोलल्यास मूल मागे पडतं का?

इथं घाबरवणाऱ्या पोस्टपासून सावध राहायला हवं. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया खेड्यांत लहान मुलांशी थेट बोललं जातं ते तासाला जेमतेम चारएक मिनिटं. तरीही तिथली मुलं पहिला शब्द आणि पहिली जोडवाक्यं वेळेवर बोलतात. ती भोवतालचं ऐकून शिकतात. लाडिक बोलणं मदत करतं, पण ते कमी पडलं म्हणून मूल बोलत नाही, असा निष्कर्ष काढणं चूक. कामावर जाणाऱ्या, शिफ्टमध्ये राबणाऱ्या आईला तर हा दोष देऊच नये.

बोलणं उशिरा येत असेल तर आधी कान तपासावेत. मोठ्या आवाजाला न दचकणारं, दहा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ न करणारं, सव्वा ते दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसलेलं किंवा दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’सारखे दोन शब्द न जोडणारं मूल डॉक्टरांना दाखवायला हवं. जन्मतः कमी ऐकू येत असेल, तर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार असा क्रम जगभर पाळला जातो. नवजात बाळाची कानाची चाचणी काही मिनिटांची आणि न दुखणारी असते. बाळ झोपलेलं असतानाही करता येते. ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलले’ म्हणत दोन वर्षं वाट पाहिली, की यातला सगळ्यात मोलाचा काळ निघून गेलेला असतो. अंगणवाडी आणि शाळांमधल्या मुलांसाठी २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकण्याची आणि बोलण्यातल्या विलंबाची तपासणी मोफत होते. त्यासाठी पहिली विचारणा अंगणवाडी सेविकेकडे करता येते.