नवोदयची परीक्षा : पेन्सिल घरी ठेवा, ओळ नीट बघा

बालाघाट : पाचवीपर्यंत पोरांच्या हातात पेन्सिल असते, चुकलं की खोडरबर. वारासिवनीच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जायचं, तर याच पोरांना ओएमआर उत्तरपत्रिकेवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच गोल रंगवावे लागतात. पेन्सिल, खोडरबर, व्हाइटनर काहीच चालत नाही.

असं का? जुनी गुण मोजणारी यंत्रं पेन्सिलीच्या शिशातून जाणारी वीज ओळखायची, म्हणून पेन्सिल सक्तीची होती. आताचा स्कॅनर फक्त गोल किती काळा झाला ते बघतो. त्याला पेन चालतो, आणि पेनची खूण नंतर कुणाला पुसता येत नाही. पण पेनलाही मर्यादा आहे. २०१३ मध्ये उघड झालेल्या व्यापम घोटाळ्याच्या तपासात गोल कोरे सोडून नंतर भरून घेण्याचा प्रकार समोर आला होता. कोरा गोल कोणत्याही पेनने भरता येतो. म्हणून अनेक मोठ्या परीक्षांत मूळ प्रतीसोबत कार्बन प्रत असते. दोन्ही जुळल्या नाहीत की गडबड कळते.

नवोदयच्या परीक्षेत ८० प्रश्न आणि १०० गुण, म्हणजे प्रश्नाला सव्वा गुण. चुकीला गुण कापत नाहीत. समजा, मुलाने १२वा प्रश्न सोडला आणि १३व्याचं उत्तर १२व्या ओळीत भरलं. हे २०व्या ओळीशी पोहोचल्यावर लक्षात आलं. तोवर १२ ते १९ अशा आठ ओळी बिघडल्या, म्हणजे दहा गुणांचा धोका. इथे बरोबर गोलही रंगवायचा मोह होतो. पण एका ओळीत दोन गोल काळे दिसले तर ते उत्तर धरलं जात नाही. घासून पुसायला गेलं तर कागद फाटतो. झालं ते सोडून २०वं उत्तर २०व्याच ओळीत भरावं, म्हणजे नुकसान तिथेच थांबतं. दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक ताडून पाहिला, तर एवढी वेळच येत नाही.

उत्तरपत्रिका फाटकी किंवा डागाळलेली मिळाली, तर लिहायला सुरुवात करण्याआधीच पर्यवेक्षकांना दाखवावी. कडेला असलेल्या काळ्या खुणांवरून यंत्र ओळी शोधतं. तिथेच घडी पडली किंवा कागद फाटला, तर वाचन चुकू शकतं. रोल नंबरचंही तसंच. वर आकडे बरोबर लिहिले, पण खालचे गोल चुकले, तर यंत्र गोलच वाचणार. चूक दिसताच तिथेच सांगावं, कारण वर्गात सांगितलेल्या चुकीची नोंद होऊ शकते. घरी येऊन आठवलेल्या चुकीला पुरावा राहत नाही.

एकूण काय, गणिताच्या सरावासोबत घरी छापील गोलांच्या कागदावर पेनने दोन-चार वेळा हात बसवून घेतलेला बरा.