पदवी एक, सनद दुसरी

बंगळूरुच्या चामराजपेटेतील एका तरुणीचे उदाहरण घेऊ. तिने कायद्याची पदवी घेतली आणि त्याच शहरातील एका कंपनीत लंडनच्या ग्राहकांचे करार तपासण्याची पूर्णवेळ नोकरी धरली. पगारी नोकराला वकिली करता येत नाही, या बार कौन्सिलच्या नियमामुळे तिने सनद घेतलीच नाही. आता तिला इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचे आहे. तिच्या वर्गमैत्रिणीने मात्र कर्नाटक बार कौन्सिलकडे नोंदणी करून, अखिल भारतीय बार परीक्षा देऊन न्यायालयात काम केले. दोघींची पदवी एकच असली तरी इंग्लंडच्या लेखी त्या दोघी सारख्या नाहीत.

१ सप्टेंबर २०२१ पासून तेथे सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन लागू आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. दुसऱ्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदालेखन अशी कौशल्ये तपासली जातात. सनदधारक मैत्रिणीला दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट लागू होत नाही. तिच्या वकिलीच्या अनुभवानुसार दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते. पहिल्या तरुणीला दोन्ही टप्पे द्यावे लागतात आणि तो अनुभवही दाखवावा लागतो.

पहिल्या टप्प्याची अडचण निराळी आहे. मालमत्ता, विश्वस्त निधी व करविषयक इंग्लिश कायदा नवा असल्याने तो निमूटपणे शिकला जातो. फसवतो तो ओळखीचा भाग. आपल्या १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम २(ड) प्रमाणे पूर्वी केलेल्या कृत्याचाही मोबदला ग्राह्य ठरू शकतो आणि तो तिऱ्हाइताकडूनही येऊ शकतो. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण नियम याच्या उलट आहे. महाविद्यालयात घोटून घेतलेले उत्तर तेथे आत्मविश्वासाने चुकते! पर्यायांत ते बहुधा असतेच.

आणि तरीही पहिल्या तरुणीची वाट बंद नाही. अनुभव कोणत्या देशात मिळाला याला तेथील नियामक महत्त्व देत नाही. कायदेविषयक सेवेचे खरे काम जास्तीत जास्त चार संस्थांत मिळून दोन वर्षे झालेले असावे, एवढीच अपेक्षा आहे. चामराजपेटेतून रोज गाठलेले ते कार्यालयही त्यात बसू शकते. मात्र तो अनुभव इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने प्रमाणित करावा लागतो. तो त्याच कंपनीत नसला तरी चालते, पण त्याने कामाची नोंद तपासून, देखरेख करणाऱ्याचे मत घेतलेले असले पाहिजे. गाडे बहुतेकदा येथेच अडते. नोकरी सोडून वर्ष उलटल्यावर जुना वरिष्ठ दुसरीकडे गेलेला असतो, करारांच्या फायली गोपनीय म्हणून कंपनीबाहेर आणता येत नाहीत आणि हाती उरते ते केवळ नोकरीचे प्रमाणपत्र. म्हणून कोणत्या प्रकारचा करार तपासला, कोणता मुद्दा काढला, कोणी दुरुस्त केला, ही टाचणे अशिलाचे नाव वगळून दर महिन्याला लिहायची आणि सही करणारा सॉलिसिटर राजीनाम्यापूर्वीच शोधायचा.