दोन 'आय' आणि आत्याचा दिनार

विवेक वर्धिनीच्या आठवणी इथे बरेच जण लिहितात. मी आज जामबागमधल्या आमच्या घरातल्या उन्हाळ्याच्या दुपारींबद्दल लिहिते. कुलर लावायचा, चटई अंथरायची आणि स्क्रॅबलचा डाव मांडायचा. आत्या, मी आणि चुलतभाऊ. आत्या पहाटे जामबागच्या बाजारातून फुलं आणायची, दुपारी आम्हाला हरवायची.

माझं मत आधीच सांगते. रॅकवर दोन 'आय' आले की बहुतेक जण एक तर घाबरून दोन्ही उडवतात, नाही तर कंजूषपणे दोन्ही सांभाळून ठेवतात. दोन्ही चूक. बहुतेक वेळा एकच खेळावा, एक ठेवावा.

हे दोन 'आय' काही क्वचित येत नाहीत. इंग्रजी संचात १०० टाइल्स, त्यातले ९ 'आय'. पहिल्याच सात टाइल्समध्ये दोन किंवा जास्त 'आय' येण्याची शक्यता साधारण आठात एक. 'ई' तर १२ आहेत, पण दोन 'ई' सहज खपतात, कारण रोजच्या शब्दांत ते जोडीनं येतात. दोन 'आय' शेजारी शेजारी बसणारे शब्द मात्र हाताच्या बोटांवर. म्हणून एकाच गुणाचं हे अक्षर जोडीनं आलं की रॅकवरची जागा अडवून बसतं.

आता तो डाव. पहिली खेळी माझी. रॅकवर ए, डी, एच, आय, आय, एन, आर. मी ऐटीत 'हार्ड' लावला. एच चे ४, डी चे २, बाकी एकेक, झाले ८. मधल्या चौकोनामुळे दुप्पट, म्हणजे १६. मी खूश. आत्या माझ्या रॅककडे वाकून म्हणाली, "अगं, गुण घेतलेस, पण कचरा घरातच ठेवलास की!"

खरंच होतं. उरले होते आय, आय, एन. पुढच्या चार टाइल्समध्ये यू आणि आणखी एक आय आला. दोन फेऱ्या मी पाच-सहा गुणांवर रडत होते आणि तो डाव गेला.

रात्री आत्यानं तीच सात अक्षरं परत मांडली. आधी 'रेडियाय' लावून दाखवला: आर, ए, डी, आय, आय. दोन्ही 'आय' गेले, पण गुण १४ आणि हातात फक्त एच, एन. दोन व्यंजनं, स्वर एकही नाही. मग लावला 'दिनार': डी, आय, एन, ए, आर. पाच अक्षरी शब्द असल्यानं डी हा दुहेरी अक्षराच्या चौकोनापर्यंत पोचतो, त्याचे २ चे ४ होतात. बेरीज ८, दुप्पट १६. म्हणजे 'हार्ड'इतकेच गुण! शिवाय जोडी फुटली, पाच नवी अक्षरं आली आणि उरलेल्या एच, आय चा छोटा 'हाय' तयारच.

गुण सारखे असले की उरलेलं काय ते बघायचं. गुण सारखे नसतील तर? माझा वहीतला अंदाज असा, की दोन 'आय' हातात ठेवण्याची किंमत पाच-सात गुण. जोडी ठेवून दहा जास्त मिळत असतील तर बिनधास्त ठेवा. दोन-तीनच मिळत असतील तर नको.

याला अपवाद आहेत. ए, ई, आय, आय, एन, आर, टी आले तर 'इनर्शिया' होतो, सातही टाइल्स गेल्याचे ५० गुण वर. म्हणून जोडी फोडण्याआधी रॅक दोनदा फिरवून बघा. डाव सरत आला असेल तर बोर्डावरचे 'आय' मोजा. सहा-सात दिसले तर तिसरा येण्याची भीती कमी, मग एक ठेवायला काहीच हरकत नाही. आणि हातात तीन 'आय' असून काही जमत नसेल, तर खेळी सोडून टाइल्स बदला. पिशवीत निदान सात टाइल्स असायला हव्यात, एवढंच.

हल्ली भाचे मंडळी फोनवर खेळतात. कॉलिन्सच्या यादीत आता 'इडली'पण आहे, त्यामुळे दोन 'आय' आले की लगेच इडली लावून मोकळे होतात. मी विचारते, "बाळा, उरलं काय ते बघितलंस का?"

आत्या गेल्याला बरीच वर्षं झाली. तिच्या पेटीतल्या संचात एक 'आय' हरवलाय, आठच उरलेत. नवा आणलेला नाही. शक्यता थोडी बदलते, चालतं.