‘कळवितों’ आणि ‘घोस्टिंग’

आमच्या कारंज्यांतील एका वृद्ध स्नेह्यांनीं परवां नातवाच्या मोबाईलवरील कांहीं थट्टाचित्रें, ज्यांस हल्लीं ‘मीम’ म्हणतात तीं, आम्हांस दाखविलीं आणि तरुण पिढी बिघडल्याचा निकाल तेथेंच देऊन टाकला. त्या चित्रांत तीन शब्द पुनःपुन्हां येत होते. नांव न दिलेला, पण सोडवतही नसलेला संबंध म्हणजे ‘सिच्युएशनशिप’. एक अक्षरही न बोलतां नाहींसें होणें म्हणजे ‘घोस्टिंग’. आणि जवळ करावयाचें नाहीं, पण दूरही जाऊं द्यावयाचें नाहीं, म्हणून अधूनमधून एखादा गोड निरोप टाकीत राहणें म्हणजे ‘ब्रेडक्रंबिंग’. स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, असले प्रकार आपल्यांत कधीं नव्हते.

हें म्हणणें आम्हांस साफ नाकबूल आहे. शब्द परके असतील. करणी घरचीच आहे. मुलगी पाहावयास यावें, पोहे खावेत, तिला चालून दाखवावयास लावावें, ‘कळवितों’ म्हणून उठावें आणि मग कधींच कळवूं नये, ही रीत वऱ्हाडांतील कोणत्या घरास अपरिचित आहे? मुलीचा बाप महिनाभर वाट पाहतो, मग मध्यस्थाकरवीं विचारतो, तेव्हां ‘पत्रिका जुळत नाहीं’ असें उत्तर येतें. पत्रिका तर येण्यापूर्वींच जुळविलेली असते! दुसऱ्या स्थळाचा हुंडा ठरेपर्यंत (आणि हें १९६१ च्या बंदीनंतरही) पहिल्यास ‘दसऱ्यानंतर पाहूं’ म्हणत झुलवीत ठेवणें, याला ब्रेडक्रंबिंग नाहीं तर काय म्हणावें?

मात्र एका बाबतींत आजच्या मुलामुलींची स्थिति अधिक कठीण आहे. जुन्या व्यवहारांत जाब विचारण्यास निदान मध्यस्थ होता. आतां निरोप वाचल्याची खूण उमटते आणि पुढें कांहींच येत नाहीं. हें मौन आजारपणाचें कीं नकाराचें, हें विचारावें कोणास? ब्रेडक्रंबिंगची ओळख त्याहून सोपी आहे. निरोपाच्या गोडीकडे पाहूं नये, त्याच्या वेळेकडे पाहावें. समोरचें माणूस कंटाळून गप्प झालें कीं नेमकें तेव्हांच ‘आठवण आली’ असें येतें; भेटीचा वार व वेळ विचारली कीं पुन्हां शांतता.

या मीमांचाही एक दोष आहे. प्रत्येक मौनावर तीं एकच शिक्का मारतात. धमकावणाऱ्या किंवा नको म्हटल्यावरही पिच्छा न सोडणाऱ्या माणसाशीं बोलणें तोडणें हें घोस्टिंग नव्हे, स्वसंरक्षण होय. तेथें खुलाशाचें बंधन कोणावरही नाहीं. तसेंच ‘सिच्युएशनशिप’ दोघांनीं समजून पत्करली असेल, तर त्यांत फसवणूक कसली? एकजण लग्नाच्या आशेनें थांबला आहे हें ठाऊक असून दुसरा गप्प बसतो, फसवणूक तेथें होते.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं इतकेंच विचारलें कीं, थोरल्या चिरंजीवांसाठीं पाहिलेल्या मुलींपैकीं कितींच्या घरीं आपण नकार स्पष्ट कळविला होता? त्यांनीं मोबाईल नातवास परत दिला.